मशीन ४९९ चं, पण स्ट्रिप कितीला?

कोल्हापूरच्या शाहूपुरीत मेडिकलच्या काउंटरवर उभं राहून मला सोळा वर्षं झाली. शुगरचं मशीन घ्यायला आलेला माणूस पहिल्यांदा विचारतो, "सगळ्यात स्वस्त कुठलं?" मी त्याला उलट विचारतो, "आठवड्यातनं किती वेळा तपासणार?" हे कळल्याशिवाय स्वस्त कुठलं ते मला सांगताच येत नाही.

नावं न घेता दोन मशीनं समोर ठेवतो. आकडे हिशेबापुरते धरले आहेत, पण काउंटरवर रोज दिसतात त्याच्या आसपासचेच. एका तपासणीला एक स्ट्रिप संपते. 'क' मशीन ४९९ ला, सोबत २५ स्ट्रिप्स फुकट. त्याची ५० स्ट्रिप्सची डबी १,१०० ला, म्हणजे एक स्ट्रिप २२ रुपयांना पडते. 'ख' मशीन १,१५० ला, सोबत फक्त १० स्ट्रिप्स. त्याची ५० ची डबी ७०० ला, म्हणजे एक १४ ला. आणखी एक फरक डबीवर बारीक अक्षरात छापलेला असतो. 'क' ची डबी उघडल्यापासून तीन महिन्यांत संपवायची. 'ख' ची डबी झाकण नीट लावत गेलात, तर छापलेल्या एक्स्पायरीपर्यंत चालते.

आता इन्सुलिनवरचा माणूस घ्या. दिवसातनं तीन वेळा तपासणारा. वर्षाला १,०९५ स्ट्रिप्स. 'क' वर २४,०९० रुपये, 'ख' वर १५,३३०. एका वर्षात ८,७६० चा फरक. मशीन घेताना वाचवलेले साडेसहाशे आणि 'क' सोबतच्या जास्तीच्या फुकट स्ट्रिप्स, दोन्ही धरले तरी 'ख' हा फरक दीड महिन्याच्या आत भरून काढतं. अशा घरात 'क' घेऊ नये. कुणी फुकट दिलं तरी घेऊ नये. गरोदरपणात शुगर निघालेल्या बाईलाही हेच लागू. दिवसातनं चार वेळा, तीन महिने तपासायचं म्हटलं तरी ३६० स्ट्रिप्स होतात.

हे गणित लोकांना पटकन पटतं. फसगत होते ती आठवड्यातनं एकदा तपासणाऱ्यांची, आणि माझ्याकडं येणाऱ्यांत तेच जास्त.

मागच्या शिमग्याच्या सुमारास कसबा बावड्याच्या एक आक्का आल्या. गोळ्यांवर शुगर, दर रविवारी सकाळी उपाशीपोटी तपासायच्या. म्हणाल्या, "भाऊ, मशीन चांगलं हाय ओ, डबी संपतच न्हाई. पर लॅबवाला येगळंच सांगतोय." त्याच सकाळी लॅबमध्ये १६८ आले होते आणि घरच्या मशीनवर १२१. उपाशीपोटी बोटाचं रक्त आणि शिरेचं रक्त यांत एवढा फरक पडत नाही. मी डबी मागितली. ती 'क' सारखीच तीन महिन्यांच्या मुदतीची, आणि गणपतीत उघडलेली, म्हणजे सहा महिने झालेले. वर "उघडल्याची तारीख" लिहायला कोरी जागा होती, ती तशीच कोरी. दिवाळीनंतरचे सगळे आकडे त्या माऊलीनं वहीत नीट लिहून डॉक्टरांना दाखवले होते. त्यातले किती खरे, हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

स्ट्रिपवर एन्झाइमचा थर असतो, तोच रक्तातल्या साखरेशी काम करतो. हवेतल्या दमटपणानं तो मरत जातो. म्हणून डबीच्या आत ओल शोषणारा पदार्थ बसवलेला असतो. प्रत्येक वेळी झाकण उघडलं की तो थोडा थोडा भरतो. एकदा भरला की पुढची ओल थेट स्ट्रिपला लागते. काही मशीनं ओली स्ट्रिप ओळखून एरर देतात. पण बऱ्याचदा मशीन मुकाट्यानं चुकीचा आकडा दाखवतं, कधी कमी, कधी जास्त. आपल्याकडं जुलै-ऑगस्टमध्ये कपाटातल्या कपड्यांना वास येतो, तर स्ट्रिपचं काय होत असेल? गावाला जाताना चार स्ट्रिप्स काढून पाकिटात घालून नेणारे लोक आहेत, त्या चारही वाया गेल्या म्हणून समजा. फ्रिजमध्येही डबी ठेवू नका. बाहेर काढून उघडली की आत दव धरतं.

म्हणून आठवड्याला एकदाच तपासणाऱ्यानं 'क' घेतलं तर काय होतं ते बघा. तीन महिने म्हणजे १३ आठवडे. ५० पैकी १३ स्ट्रिप्स वापरून होतात आणि ३७ टाकायच्या. वर्षाला चार डब्या, ४,४०० रुपये, तपासण्या ५२. एक तपासणी जवळजवळ ८५ रुपयांना पडली, आणि डबीवरच्या हिशेबानं ती २२ ची होती. २५ ची छोटी डबी ६०० ला मिळत असेल तर हाच आकडा ४६ वर येतो. 'ख' वर एक डबी जवळपास वर्षभर पुरते, म्हणजे १४ रुपयेच. फक्त घेताना एक्स्पायरीला वर्षाहून जास्त अवधी आहे ना, ते दुकानातच बघायचं.

तिसरा पर्यायही आहे, तो लोक बघतच नाहीत. काही कंपन्यांच्या स्ट्रिप्स एकेक वेगळ्या फॉइलमध्ये येतात. एक २५ रुपयांना पडली तर महाग वाटते. पण रविवारी एकच पाकीट फाडायचं, बाकीच्यांना हवा लागत नाही, वाया काही जात नाही. वर्षाचे १,३०० रुपये. 'क' च्या २५ च्या डब्यांवर वर्षाला २,४०० गेले असते. डोक्यात ठेवायला सोपं असं सांगतो: तीन महिन्यांची मुदत असलेली ५० ची डबी आठवड्याला चार वेळा तपासणाऱ्यालाच परवडते, २५ ची दोन वेळा तपासणाऱ्याला. त्याहून कमी तपासणार असाल तर लांब मुदतीची डबी नाहीतर फॉइलची स्ट्रिप बघा.

वाया जाण्याचं आणखी एक कारण आहे, कमी रक्त. काही स्ट्रिप्सना अर्धा मायक्रोलिटर थेंब पुरतो, काहींना एक-दीड लागतो. थंडीत म्हाताऱ्या माणसाच्या बोटातनं थेंब नीट येत नाही, स्ट्रिप अर्धीच भरते, एरर येतो, स्ट्रिप गेली. दहातली एक अशी गेली तरी १४ ची स्ट्रिप साडेपंधराला पडते. घरात असं माणूस असेल तर कमी रक्त लागणारी स्ट्रिप दोन रुपये महाग असली तरी घ्या. आणि खोक्यावर आयएसओ १५१९७:२०१३ लिहिलेलं आहे का ते बघा. साखर १०० च्या वर असेल तर शंभरातले ९५ आकडे १५ टक्क्यांच्या आत यावेत, १०० च्या खाली १५ अंकांच्या आत, अशी ती अट आहे. एवढंही पाळत नसेल तर स्वस्त स्ट्रिपचा उपयोग काय?

शुगरच्या मशीनच्या सेलचा विचार करत बसू नका. बटण सेल शेकडो तपासण्या चालतो. पण स्ट्रिप कोल्हापुरात मिळते का, हे मात्र विचारा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं आणि पुण्याकडनं येणारा माल अडकला. फक्त ऑनलाइन मिळणारी स्ट्रिप वापरणारे लोक तेव्हा दुकानादुकानांत विचारत फिरत होते. एका मशीनची स्ट्रिप दुसऱ्याला चालत नाही, हे बऱ्याच जणांना तेव्हा पहिल्यांदा कळलं.

बीपीच्या मशीनचा हिशेब वेगळा आहे. तिथं पैसे जातात पट्ट्यावर आणि सेलवर, आणि पट्टा चुकला तर पैशापेक्षा मोठं नुकसान होतं.

इथंही दोन मशीनं घेऊ. पहिलं १,३०० चं. पट्टा २२ ते ३२ सेंटिमीटर दंडाचा, तो सुटा मिळत नाही, आणि अ‍ॅडॅप्टर लावायची सोय नाही. दुसरं २,२०० चं. पट्टा २२ ते ४२ चा, सुटा घेतला तर ९००, अ‍ॅडॅप्टर ४००. रोज सकाळ-संध्याकाळ दोन-दोनदा मोजणाऱ्याच्या घरात वर्षाला १,४६० वेळा पट्टा फुगतो. चार अल्कलाइन पेन्सिल सेल १४० रुपयांचे आणि एक संच ५०० मोजण्या पुरतो असं धरा. वर्षाला तीन संच, म्हणजे ४२०. पाच वर्षांत २,१०० नुसते सेलचे. मधे एकदा पट्टा गेला तर पहिल्याला नवीन मशीनच घ्यावं लागतं. एकूण ४,७००. दुसऱ्याला पट्टा आणि अ‍ॅडॅप्टर धरून ३,५००.

पण रोज मोजायची गरज सगळ्यांना नसते. बरेच डॉक्टर तपासणीच्या आधीचे सात दिवस मोजायला सांगतात, सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा, म्हणजे एका वेळी २८ आकडे. तीन महिन्यांनी एकदा असं करणाऱ्याला सेल लागणार तरी किती? पट्टाही तेवढा झिजत नाही. अशा घराला १,३०० चं मशीन पुरतं, मी तेच देतो. मधल्या काळात सेल काढून ठेवा, नाहीतर ते पाझरून सेलच्या खणातल्या धातूच्या पट्ट्या गंजतात.

यात एकच अट, दंड बसला पाहिजे. म्हणून शिंप्याची टेप मी गल्ल्याशेजारीच ठेवलीय. खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मधे दंड मोजायचा. आमच्या गल्लीत तालमीत वाढलेले एक मामा आहेत, वय सत्तर, दंड अजून ३८. त्यांच्या मुलानं ३२ पर्यंतचा पट्टा असलेलं मशीन आणलं होतं. पट्टा कसाबसा बसायचा, आकडा यायचा १५८/९६. पाच मिनिटं बसवून मोठ्या पट्ट्यानं घेतलं तर १४४/८८. लहान पट्टा आकडा चढवूनच दाखवतो. त्या चढलेल्या आकड्यावर गोळी वाढली असती आणि तिचा खर्च दर महिन्याला झाला असता. त्यांच्यासाठी २,२०० चंच मशीन योग्य. तिथं सेलचा हिशेब करायचीसुद्धा गरज नव्हती.

पट्टा जायला लागला हे ओळखता येतं. आधी एका दमात फुगणारा पट्टा थांबून थांबून, पुन्हा पुन्हा फुगायला लागतो. मग अधूनमधून एरर. कान लावला तर नळी जिथं मशीनला जोडते तिथं बारीक फुस्स आवाज येतो. नळी मशीनभोवती आवळून गुंडाळायच्या सवयीनं नेमकी तिथंच चीर पडते. फुगताना चर्र करून सुटत असेल तर आधी चिकटपट्टीत अडकलेले धागे-केस जुन्या टूथब्रशनं काढून बघा, बऱ्याचदा पट्टा त्यानंच बरा होतो. दुसऱ्या कंपनीचा स्वस्त पट्टा मात्र लावू नका. टोक बसलं तरी ते मशीन आपल्याच पट्ट्यावर तपासून बसवलेलं असतं, दुसऱ्यावर आकडा बरोबर येईल याची खात्री कुणी देत नाही.

बिल करायच्या आधी दुकानदाराला मशीन बाजूला ठेवायला सांगा आणि स्ट्रिपची डबी हातात मागा. त्याच मशीनचा सुटा पट्टा आत्ता दुकानात आहे का, तेही विचारा. "मागवून देतो" असं उत्तर आलं तर किती दिवसांत आणि केवढ्याला, ते बिलामागं लिहून घ्या.