सणाच्या शुभेच्छांचा ईमेल: एकगठ्ठा पाठवावा की जुन्या थ्रेडमध्येच लिहावा?

कोटेशन मागवून नंतर सहा-आठ महिने गप्प झालेल्या ग्राहकाशी सणाच्या निमित्ताने पुन्हा बोलणे सुरू करायचे असेल, तर साधारणपणे दोन मार्ग असतात. एक म्हणजे ईमेल मोहिमेच्या सॉफ्टवेअरमधून सर्वांना एकच सजवलेले शुभेच्छापत्र पाठवणे आणि दुसरा म्हणजे बोलणे जिथे थांबले होते त्याच थ्रेडमध्ये साध्या मजकुरात चार ओळी लिहिणे.

पहिल्या मार्गात श्रम कमी लागतात. पण नाव आपोआप भरले गेले असले, तरी मोठे चित्र आणि तळाशी असलेली सदस्यत्व रद्द करण्याची लिंक पाहताच तो ईमेल शेकडो जणांना गेला असल्याचे वाचणाऱ्याला कळते. जीमेल असे ईमेल अनेकदा 'प्रमोशन्स'मध्येच ठेवते. शिवाय त्यात काही विचारलेलेच नसल्यामुळे उत्तर आले, तरी ते 'आपणांसही शुभेच्छा' एवढ्यावरच संपते.

दुसऱ्या मार्गाचे बळ आधीच्या संवादात आहे. समजा, वेतनप्रणालीचे कोटेशन घेतलेल्या एका ग्राहकाने 'दोन शाखांचे विलीनीकरण झाल्यावर पाहू' असे कळवले होते. त्यांना असे लिहिता येईल:

'नमस्कार मॅडम, आपणांस व आपल्या सहकाऱ्यांना सणाच्या शुभेच्छा. मागील वेळी शाखांचे विलीनीकरण होईपर्यंत वेतनप्रणालीचा विषय बाजूला ठेवू, असे आपण म्हणाला होता. ते काम पूर्ण झाले का? अजून चालू असल्यास साधारण केव्हा विचारू, एवढे कळवलेत तरी पुरे.'

येथे शुभेच्छा एका वाक्यात आटोपतात, आठवण ग्राहकाच्याच शब्दांची आहे आणि प्रश्नाला 'अजून नाही' असे उत्तर देण्यातही संकोच वाटत नाही. याच ईमेलमध्ये सवलतीची ओळ घातली, तर शुभेच्छा हे निव्वळ निमित्त ठरते, म्हणून ती मी गाळेन. जुना थ्रेड नसताना विषयाआधी 'Re:' लावणे तर सरळ फसवणूक आहे.

हा मार्ग ज्यांच्याशी खरोखर बोलणे झाले होते त्यांच्यापुरताच चालतो. यादीतील ज्यांनी केवळ माहितीपत्रक डाउनलोड केले, त्यांच्याबाबत आठवण काढण्यासारखे काहीच नसते; तेथे शुभेच्छापत्रच प्रामाणिक ठरते. ज्या व्यक्तीशी बोलणे झाले ती नोकरी सोडून गेली असेल, तर ईमेल परत येतो किंवा कोणी पाहत नसलेल्या खात्यात पडून राहतो, त्यामुळे पाठवण्यापूर्वी ती व्यक्ती अजून त्याच पदावर आहे का, हे पाहून घ्यावे.

सणाच्या दिवशीच पाठवणे मात्र दोन्ही मार्गांत गैरसोयीचे, कारण त्या दिवशी इनबॉक्स शुभेच्छांनी भरलेला असतो. प्रश्न विचारायचा असल्यास चार-पाच कामाचे दिवस आधी लिहावे. परिणाम मोजताना 'ईमेल उघडला' या आकड्यावर विसंबू नये. २०२१ पासून ॲपलच्या मेल ॲपमधील गोपनीयतेच्या सोयीमुळे ईमेल न वाचताही उघडल्याची नोंद होऊ शकते. आलेली उत्तरेच मोजावीत, आणि उत्तर न आल्यास 'शुभेच्छा मिळाल्या ना?' असे पुन्हा विचारू नये.