बॅनरवरच्या फोटोला हॅट किंवा हुडी: सावली रंगवायची, Curves ने पाडायची, की नवा फोटो मागायचा?

वाढदिवसाच्या बॅनरचं काम घेणाऱ्या तालुक्याच्या कुठल्याही दुकानात ही फर्माईश येतेच: "भाऊ, याले काऊबॉय हॅट बसवून दे ना." सोबत व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला, वावरात उन्हात काढलेला फोटो. हॅट कापून बसवणं सोपं आहे. फसतं ते कपाळाखाली, कारण हॅट आली की त्या चेहऱ्यावरचं ऊन बदलायला हवं.

सगळ्यांच्या हाताला बसलेली पद्धत म्हणजे फोटोशॉपमध्ये नवा लेअर, त्याचा मोड Multiply, आणि मऊ ब्रशने कपाळ-डोळ्यांवर काळपट रंग. फोटो श्रावणातल्या ढगाळ दिवसाचा किंवा ओसरीतला असेल तर हीच पद्धत घ्या. तिथे सावलीला कड नसते, काठाखाली गडद आणि खाली येता येता विरळ होत जाणारी छटा पुरते. रंग मात्र शुद्ध काळा नको, तपकिरी घ्या, नाहीतर कातडी राखेसारखी दिसते.

उन्हातल्या फोटोत हीच पद्धत उघडी पडते. त्या चेहऱ्यावर आधीच नाकाची, भुवयांची कडक सावली असते. हॅटच्या सावलीत थेट ऊन पोचतच नाही, त्यामुळे तिथे नाकाची वेगळी सावली उरायला नको. Multiply मात्र सगळंच सारखं गडद करतं आणि सावलीत सावली दिसू लागते. बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण "चिकटवलं" हे कळतं.

म्हणून उन्हासाठी Curves. आधी जुन्या सावल्यांवर एक Curves लेअर टाकून त्या शेजारच्या उजेडाइतक्या उचलायच्या, कपाळावरची आणि नाकावरची चकाकी पुसायची, आणि मग दुसऱ्या Curves लेअरने हॅटची सावली मास्कमधून पाडायची. किती गडद, हे अंदाजाने ठरवू नका. त्याच फोटोत हनुवटीखाली मानेवर खरी सावली असते. गालावर आणि मानेवर आयड्रॉपर लावून दोन्हीकडचे आकडे पाहा, आणि लाल, हिरवा, निळा असे तिन्ही चॅनल तिथपर्यंत आणा. उजेड खालून किती उसळतोय तेही त्यात आपोआप येतं: काळ्या मातीत सावली दाट पडते, वेचलेल्या कापसाच्या ढिगाजवळ तीच बरीच उजळ असते.

कड कुठे पडेल, हे मोजता येतं. मोठ्या माणसाच्या दोन बुबुळांमध्ये साधारण 6 सेंमी अंतर असतं. फोटोत ते 420 पिक्सेल भरलं, तर 1 सेंमी म्हणजे 70 पिक्सेल. हॅटचा काठ कपाळापासून 7 सेंमी पुढे आहे, ऊन समोरून आहे आणि जमिनीवरची सावली माणसाच्या उंचीइतकीच, म्हणजे सूर्य 45 अंशांवर. अशा वेळी सावली काठापासून 7 सेंमी, म्हणजे 490 पिक्सेल खाली उतरते. पण नाक 2 सेंमी पुढे आलेलं असेल, तर त्यावर ती 350 पिक्सेलवरच थांबते. म्हणजे कड सरळ रेघ नसते: नाकावर वर चढते, दोन्ही बाजूंना गालांवर खाली उतरते. ही वळणं पेन टूलने काढा. आणि Gaussian Blur कमी ठेवा. एवढ्या जवळच्या काठाची उन्हातली सावली जेमतेम मिलिमीटरभरच धूसर होते, त्यामुळे या फोटोत 5-7 पिक्सेलची मऊ कड पुरे.

डोळे विसरू नका. बुबुळातला आभाळाचा पांढरा ठिपका तसाच राहिला तर बाकी मेहनत पाण्यात. तो मंद करा, बुबुळाचा वरचा भाग थोडा गडद करा.

मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात विदर्भात भरदुपारी सूर्य जवळपास डोक्यावर असतो. तेव्हाच्या फोटोत रुंद काठाची हॅट अख्खा चेहरा झाकते, कड चेहऱ्यावर येतच नाही. काम उलट सोपं.

हुडीचं गणित वेगळं आहे. समोरून ऊन असेल तर तिची कड कपाळापुढे दोन-तीन सेंमीच येते, सावली भुवयांपाशी संपते आणि Curves ने निभतं. ऊन बाजूने असेल तर हुडीची भिंत तो उजळ गालच बंद करते. शिवाय लाल हुडीच्या आतल्या बाजूवर ऊन पडलं की तो रंग जवळच्या गालावर उतरतो. एवढं सगळं हाताने रचण्यात माझ्या मते अर्थ नाही. गिऱ्हाइकाला सांगावं, हुडी घालून त्याच वेळेच्या उन्हात, त्याच बाजूला तोंड करून मोबाइलवर नवा फोटो काढ. हुडी मित्राची असली तरी चालते. गिऱ्हाइकाला नव्या फोटोतला चेहरा नको असेल, आवडता जुनाच हवा असेल, तर नवा फोटो शेजारी उघडा ठेवून सावली त्यावरून उतरवा.