टाउन हॉल रेकॉर्डिंगचा ‘पूर्ण पाहिलं’ रिपोर्ट: सात महिन्यांच्या वापरानंतर

बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीतल्या एका कारखान्यात मी एचआर कोऑर्डिनेटर आहे. टाउन हॉलचं रेकॉर्डिंग ट्रेनिंग पोर्टलवर चढवायचं आणि आठवड्याने किती जणांनी ते पाहिलं याची छोटी नोट विभागप्रमुखांना पाठवायची, हे काम सात महिन्यांपासून माझ्याकडे आहे.

रिपोर्ट काढायला अगदी सोपा. दोन क्लिकमध्ये एक्सेल हातात येतं, म्हणून पहिल्या दोन वेळा मी वरचा आकडा जसाच्या तसा नोटमध्ये टाकला. तिसऱ्या वेळी आकडा आला ३४० पैकी २७२, म्हणजे ८० टक्के. उरलेल्या ६८ जणांना पोर्टलने आपोआप आठवणीचा मेसेज धाडला. दुसऱ्या दिवशी प्रेस शॉपमधले काका फोन घेऊन माझ्या टेबलापाशी आले. “ताई, कँटीनमध्ये बसून सगळा पाहिला, सहीसुद्धा केली. मग हे काय?” त्यांचं बरोबर होतं. सुपरवायझरच्या एकाच लॉगिनवर ३८ जणांनी पाहिलं होतं आणि पोर्टलने मोजला एकच माणूस.

मग मी ती ६८ नावं एकेक करून तपासली. ३७ कँटीनमधली, १४ नोकरी सोडून गेलेले, ६ लांबच्या रजेवर. त्यातली एक तर बाळंतपणाच्या रजेवर होती, तिलाही मेसेज गेला याचं मला फार वाईट वाटलं. खरोखर पाहायचं राहिलेले फक्त ११.

दुसरी गोची `Completed` या शब्दात आहे. आमच्या पोर्टलवर व्हिडिओ ९० टक्क्यांच्या खुणेपलीकडे गेला की ही नोंद होते, मग मधला भाग पाहिलेला असो वा नसो. रेकॉर्डिंग ५२ मिनिटांचं, प्लेअरचा जास्तीत जास्त वेग दुप्पट. म्हणजे ९० टक्के प्रामाणिकपणे पाहायला २३ मिनिटं तरी लागणारच. बी रकान्यात पहिल्यांदा उघडल्याची वेळ आणि सीमध्ये पूर्ण झाल्याची वेळ ठेवून मी हे लावलं:

```
=(C2-B2)*1440<23
```

३१ ओळींत TRUE आलं. एकाने तर सहा मिनिटांत ‘पूर्ण’ केलं होतं. मात्र ही चाळणी अर्धवटच आहे. सकाळी उघडून संध्याकाळी पट्टी पुढे ओढणारा यातून निसटतो, आणि व्हिडिओ चालू ठेवून दुसरं काम करणाराही.

तेव्हापासून नोट अशी जाते:

“सध्या कामावर असलेले ३२०. स्वतःच्या लॉगिनवर पूर्ण नोंद २४१, कँटीनमध्ये एकत्र पाहिलेले ३७ (सह्यांचा कागद जोडला आहे), पुढे ढकलून संपवलेले ३१, बाकी ११. बाकी असलेल्यांची नावं फक्त त्यांच्या विभागप्रमुखांना कळवली आहेत.”

नोट बनवायला आता पाऊण तास जातो, पूर्वी दहा मिनिटं लागायची. पोर्टल मी सोडणार नाही, पण प्रत्यक्ष किती मिनिटं पाहिलं त्याचा रकाना पुरवठादाराकडे मागितला आहे. आपोआप जाणारे मेसेज बंद केलेत. यादी तपासून झाल्यावर मीच पाठवते.