प्लेटलेट की प्लाझ्मा?

पावसाळ्यात पुण्यातल्या आमच्या रक्तपेढीच्या खिडकीशी रोज ऐकू येतं, "काउंट 22,000 वर आलाय, लगेच प्लेटलेट द्या!" डेंग्यूत रक्तस्राव नसेल, तर 10,000 च्या खाली जाईपर्यंत डॉक्टर सहसा थांबतात, कारण चढवलेल्या प्लेटलेटही लवकर नष्ट होतात. नाकातून, हिरड्यांतून रक्त थांबेना, तर गोष्ट वेगळी. ही पिवळसर पिशवी 20 ते 24 अंशांवर सतत हलत ठेवावी लागते, टिकते जेमतेम 5 दिवस. घरच्यांनी ती चुकून फ्रिजमध्ये ठेवली, की वाया गेलीच.

प्लाझ्माही पिवळाच, पण त्याचं काम दुसरं. समजा, बाळंतपणात खूप रक्त गेलंय, हिमोग्लोबिन 6, रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आयएनआर वाढून 2.5, प्लेटलेट 1,10,000. इथे प्लेटलेट पुरेशा आहेत, कमी पडलेत ते रक्त गोठवणारे घटक. ते प्लाझ्मात असतात. गोठवलेली पिशवी 37 अंशांच्या पाण्यात वितळवायला अर्धा तास लागतो, म्हणून निरोप आधीच हवा. तोवर लाल पेशी सुरू करायच्या: त्या ऑक्सिजन वाहतात, एका पिशवीने हिमोग्लोबिन साधारण 1 ग्रॅमने वाढतं. रक्तस्राव मात्र त्यांनी थांबत नाही.