समितीला अपील लिहिताना: मनातली कैफियत की तारखांचा ईमेल?

इंग्लंडमध्ये एमएस्सी करताना माझ्यावर कॉपीचा आरोप आला. ३००० शब्दांचा निबंध, मजकुरातलं साम्य शोधणाऱ्या टर्निटिन या सॉफ्टवेअरच्या रिपोर्टात ३४ टक्के साम्य आणि निकालात शून्य. मी दोन्ही प्रकारचे ईमेल पाठवले: पहिला विभागाला, दुसरा अपील समितीला.

पहिला दीड पानाचा होता. शैक्षणिक कर्ज, घरच्यांचे कष्ट, आजवरचे गुण, सगळं त्यात आलं. ते लिहून मन हलकं झालं, हे नाकारत नाही. शेवट मात्र सवयीने केला: ‘माझ्याकडून नकळत काही चूक झाली असल्यास क्षमस्व.’ आपल्याकडे हा नम्रपणा. विभागाच्या उत्तरात नेमकं तेवढंच वाक्य उचललेलं होतं, ‘विद्यार्थ्याला चूक मान्य आहे’ असा अर्थ लावून. दीड पानातल्या बाकी कशाचाही उल्लेख नव्हता. माझा कौल तिथेच ठरला.

दुसऱ्या ईमेलात माफी नव्हती, विशेषणंही नव्हती. टर्निटिन फक्त जुळणारा मजकूर दाखवतो, तो कॉपी आहे की नाही हे माणसाने ठरवायचं असतं. म्हणून ३४ टक्क्यांची फोड करून दिली: संदर्भसूची १२, प्रश्नाचा मजकूर आणि मुखपृष्ठ ५, मीच आधी जमा केलेला कच्चा मसुदा १३, उरलेले ४ सुटे शब्दप्रयोग. सोबत गूगल डॉक्सच्या व्हर्जन हिस्टरीचे तारीखवार स्क्रीनशॉट जोडले. १९ दिवसांत निबंध परिच्छेदापरिच्छेदाने वाढत गेलेला त्यात दिसत होता. बैठकीपूर्वी मला पूर्ण रिपोर्ट दाखवला नव्हता, ही प्रक्रियेतली चूक वेगळी मांडली. शेवटी एकच मागणी: आरोप रद्द करून निबंध पुन्हा तपासावा. ती मान्य झाली.

आरोप नसून नुसते गुण कमी वाटत असतील, तरी मला हाच साचा बरा वाटतो. ‘निबंध याहून चांगला होता’ हा मुद्दा तिथे सहसा चालत नाही. परीक्षकाचं शैक्षणिक मत अपिलात बदलत नाहीत. बेरीज चुकली, मंजूर मुदतवाढ धरली नाही, ठरलेली दुसरी तपासणी झाली नाही, असं काही दाखवता आलं तर ऐकतात.

आजारपण किंवा घरातला मृत्यू हे कारण असेल, तर कैफियतीला जागा हवीच. पण माझ्या मते ती एका परिच्छेदात, प्रमाणपत्रासह आणि ते आधी का कळवता आलं नाही हे सांगून.

तारखांच्या ईमेलाचा फायदा पुढेही होतो. विद्यापीठाने अपील फेटाळलं, तर विद्यापीठातली प्रक्रिया संपल्याचं ‘कम्प्लीशन ऑफ प्रोसिजर्स’ पत्र मागून घ्यायचं. इंग्लंड आणि वेल्समध्ये त्या पत्राच्या तारखेपासून १२ महिन्यांत ऑफिस ऑफ द इंडिपेंडंट अ‍ॅडज्युडिकेटर या विद्यार्थ्यांच्या तक्रारी पाहणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे मोफत तक्रार करता येते, आणि तिथे हीच फोड, हेच स्क्रीनशॉट जसेच्या तसे जोडता येतात.