त्रिकोण मोजायचे: तुकड्यांनी की रेषांनी?

शाहूपुरीतली माझी भाची स्कॉलरशिपची तयारी करतेय. तिने विचारलं, "मामा, तुकडे मोजू की रेषा?"

एक आकृती घेऊ. त्रिकोण, आणि तळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून समोरच्या बाजूपर्यंत एकेक रेषा. तुकडे चार: तळाचा 1, डावा 2, उजवा 3, वरचा 4.

तुकड्यांनी: एकेकटे 1, 2, 3 (4 हा चौकोन, इथेच पोरं फसतात). जोड्या 12, 13, 24, 34. तिघांचा एकही नाही, चौघांचा एक. एकूण 8. आकडे चढत्या क्रमाने लिहिले की तोच त्रिकोण दोनदा येत नाही.

रेषांनी: रेषा 5, त्यातून तीन निवडायचे प्रकार 10. तळाच्या प्रत्येक कोपऱ्यात तीन रेषा एकाच बिंदूत मिळतात, ते 2 वजा. उत्तर 8.

तळाच्या प्रत्येक कोपऱ्यातून दोन-दोन रेषा काढल्या की तुकडे 9 होतात आणि हमखास काहीतरी सुटतं. रेषांनी मात्र: रेषा 7, त्यातून तीन निवडायचे प्रकार 35, तळाच्या प्रत्येक कोपऱ्यात एकाच बिंदूत मिळणारी त्रिकुटं 4, म्हणून 35 वजा 8, म्हणजे 27. ज्यात दोन रेषा समांतर आहेत, ती त्रिकुटंही वजा करायची. पण एखादी रेषा मध्येच थांबली, तर ही रीत नसलेले त्रिकोणही मोजते.

म्हणून पाच-सहा तुकड्यांपर्यंत किंवा तुटक रेषा असतील तर तुकडे. रेषा आरपार आणि पुष्कळ असतील तर रेषा.