फोटोतला भाडेकरार मराठीत: आठ महिने वापरल्यानंतर

फोनवर कागदाचा फोटो काढायचा, त्यातला इंग्रजी मजकूर ॲपने वाचायचा आणि खाली मराठी अनुवाद द्यायचा, अशी सोय असलेलं एक ॲप मी गेले आठ महिने वापरते आहे. माझं रोजचं काम दस्तांच्या अनुवादाचं. त्यातले बरेचसे दस्त म्हणजे लीव्ह अँड लायसन्सचे करार, कारण महाराष्ट्रात घर भाड्याने देताना बहुतेक जण हाच करार करतात. सही करण्याआधी लोक मला त्याचे फोटो पाठवतात आणि विचारतात, "यात नेमकं काय लिहिलंय?"

आधी वाचनाबद्दल. छापील मजकूर ॲप चांगलं वाचतं, पण फोटो नीट असला तर. एका फोटोत एकच पान, फोन कागदाला समांतर, उजेड बाजूने आणि फ्लॅश बंद. हाताने भरलेल्या रिकाम्या जागांवर आणि शिक्क्याखालच्या ओळींवर मात्र मी विश्वास ठेवत नाही. तारखा आणि रकमा मूळ फोटो मोठा करून डोळ्यांनीच वाचते. रक्कम आकड्यात आणि अक्षरी अशी दोन्हीकडे असते, ती जुळते का तेही पाहते.

सगळ्यात जास्त फसवतो तो डावा समास. स्टेपल केलेल्या गठ्ठ्याचं पान पूर्ण उलगडत नाही आणि ओळीचं पहिलं अक्षर घडीत जातं. एका करारात लॉक-इनच्या कलमाची सुरुवात 'नायदर पार्टी' अशी होती, म्हणजे पहिल्या सहा महिन्यांत दोघांपैकी कोणालाही करार संपवता येणार नाही. इंग्रजीतलं पहिलं 'एन' घडीत गेलं आणि उरला 'आयदर'. वाक्य व्याकरणात चोख बसलं, म्हणून ॲपला शंका यायचं कारणच नव्हतं. मराठी आली ती अशी: 'दोघांपैकी कोणीही पहिल्या सहा महिन्यांत करार संपवू शकेल.' अर्थ साफ उलटा. माझ्या लक्षात आलं ते पुढच्या वाक्यामुळे. त्यात लिहिलं होतं की सहा महिन्यांआधी जागा सोडल्यास उरलेल्या महिन्यांची रक्कम भरावी लागेल. सोडायची मुभा असेल तर ही भरपाई कशाची? त्या दिवसापासून नकार असलेली प्रत्येक ओळ मी मूळ फोटोत बोट ठेवून तपासते. कलमांचे क्रमांकही मोजते, कारण एखादं कलम गळलं तर अनुवादात त्याची जागा रिकामी दिसत नाही, मजकूर सरळ पुढे वाहत जातो.

आता अनुवाद. रोजच्या भाषेतली वाक्यं, म्हणजे वीजबिल कोणी भरायचं, पाळीव प्राणी चालतील का, चाव्या कधी परत द्यायच्या, हे ॲप बऱ्यापैकी देतं. अडचण येते ती कायद्याच्या शब्दांशी. मराठीत ज्याला तंतोतंत जोड नाही अशा शब्दालाही ॲप एक मराठी शब्द देऊन मोकळं होतं, आणि तो शब्द अपुरा आहे याची कसलीही खूण ठेवत नाही.

'लायसन्स'चंच बघा. आमच्या ओळखीच्या एका काकूंनी मुलासाठी घेतलेल्या खोलीचा करार स्वतःच ॲपमध्ये टाकून वाचला आणि मला फोन केला, "अगं, परवाना शुल्क दर महिन्याला भरायचं म्हणतायत. हा परवाना काढायचा कुठून?" ॲपने 'लायसन्स फी'चं 'परवाना शुल्क' केलं होतं आणि 'लायसन्सी'चं 'परवानाधारक'. काकूंच्या डोळ्यांसमोर सरकारी खिडकी उभी राहिली, त्यात त्यांची काय चूक? त्याच करारात पुढे 'यातून कोणतीही टेनन्सी निर्माण होणार नाही' असं कलम होतं. ॲपने शीर्षकातही 'भाडेकरार' लिहिलं होतं आणि इथेही. म्हणजे वाचणाऱ्याच्या हातात आलं, 'या भाडेकरारातून भाडेकरार निर्माण होणार नाही.'

गोम अशी की बोली मराठीत दोन्ही गोष्टींना भाडंच म्हणतात, पण कायद्यात त्या वेगळ्या आहेत. 'लीज' म्हणजे भाडेपट्टा. मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 च्या कलम 105 नुसार त्यात जागेच्या उपभोगाचा हक्कच दुसऱ्याकडे जातो. 'लायसन्स' म्हणजे नुसती वापरायची अनुमती. सुविधाधिकार कायदा, 1882 च्या कलम 52 मध्ये तिची व्याख्या आहे आणि तिच्यामुळे जागेत हक्क तयार होत नाही. फरक अंगावर येतो तो मुदत संपल्यावर. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 24 प्रमाणे राहण्यासाठी लायसन्सवर दिलेली जागा मुदतीनंतर सोडली नाही, तर घरमालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो आणि जागा सोडेपर्यंत लायसन्स फीच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. 'मी भाडेकरू आहे' असं समजून बसलेल्या माणसाला हे माहीत असायलाच हवं.

सरकारी मराठीत याला 'अनुज्ञप्ती' म्हणतात. शब्द अचूक आहे, पण काकूंना तो 'लायसन्स'पेक्षा अवघड. म्हणून मी अनुवादात 'लायसन्स' तसाच ठेवते आणि शेजारी शेरा लिहिते. माझ्या वहीत तीन रकाने आहेत: मूळ शब्द, मी वापरलेला शब्द आणि शेरा. या शब्दापुढचा शेरा असा आहे: 'नेमका प्रतिशब्द रोजच्या मराठीत नाही. ठरावीक मुदतीसाठी जागा वापरायची अनुमती. भाडेकरूचे हक्क यातून मिळत नाहीत. पैसे दरमहा घरमालकालाच द्यायचे, सरकारी परवान्याशी संबंध नाही.'

दुसरा शब्द 'विदाउट प्रेज्युडिस'. ॲपने तो तीनदा 'पूर्वग्रहाशिवाय' असा दिला. घरमालक मनात अढी न ठेवता अनामत रकमेतून पैसे कापेल, असं काहीतरी वाचल्यासारखं वाटतं. खरा अर्थ कडक आहे: अनामतीतून कापून घेतले तरी बाकीची वसुली करायचा त्याचा हक्क शाबूत राहतो. 'इतर हक्कांना बाधा न येता' हा मराठी दस्तांमधला रुळलेला शब्दप्रयोग इथे चपखल बसतो. म्हणजे या शब्दाला जोड आहे, ॲपला ती सापडत नाही एवढंच. 'कन्सिडरेशन'चंही तसंच. त्याचा 'विचार' झालेला मी पाहिला आहे, हवा होता 'मोबदला'. अशा शब्दांपुढे शेरा लागत नाही, दुरुस्ती पुरते.

'नॉर्मल वेअर अँड टेअर'ची गोष्ट तिसरीच. 'वापरामुळे होणारी नेहमीची झीज' हा अनुवाद बरोबर आहे, पण भिंतीचा उडालेला रंग त्यात धरायचा की नाही, हे मूळ करारातच लिहिलेलं नसतं. हा मोघमपणा अनुवादात भरून काढायचा मोह होतो. तसं करू नये. मी मोघम शब्द मोघमच ठेवते आणि शेऱ्यात लिहिते, 'व्याख्या करारात नाही. सहीआधी घरमालकाला विचारा.'

ॲप मी अजूनही वापरते. पूर्वी एका कराराचा मजकूर टाइप करण्यातच सकाळ जायची, आता तो वेळ शेऱ्यांना देता येतो. पण ॲपचा अनुवाद जसाच्या तसा मी कोणालाच पाठवत नाही. काकूंना त्यांचा करार परत पाठवला तेव्हा 'लायसन्स' शब्द अकरा ठिकाणी तसाच होता आणि पहिल्या पानाच्या वर शेरा. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "मुदत संपायच्या किती दिवस आधी नव्या कराराचं बोलायचं?" ते कलम बाराव्या क्रमांकावर होतं, आणि त्यात दिवसांची जागा कोरीच सोडलेली होती.